पाचव्या भागात येणारा भाऊ

माझ्या धाकट्या भावानं मला फसवलं. तेही एका गेमवरून. लोक हसतील म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.

तो पुण्याला नोकरीला गेला आणि आई गेल्यावर सोलापुरात घरात मी एकटीच उरले. आमचं फोनवरचं बोलणं 'जेवलीस का, जेवलास का' एवढ्यावर संपायचं. म्हणून मीच म्हटलं, लहानपणी टीव्हीसमोर बसून व्हिडिओ गेम खेळायचो तसं काहीतरी दोघं खेळू की परत. टॉवेलच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर डिझाइन काढते, त्यामुळं घरचा कॉम्प्युटरही बरा आहे. तो म्हणाला, "थांब ताई, एक गेम पाठवतो. दोघं खेळू."

गेम आला. ऑनलाइन दुकानाच्या पानावर लेबलांची रांग होती: आरपीजी, टर्न-बेस्ड, फँटसी. मला ओ की ठो कळेना. त्याला विचारलं तर म्हणाला, "लेबलं सोड तू. पाचव्या भागापर्यंत एकटी ये, मग मी आत येतो."

मी खेळायला लागले. टर्न-बेस्ड म्हणजे काय ते खेळूनच कळलं. आपली पाळी असली की आपण ठरवेपर्यंत समोरचा राक्षस गप उभा राहतो. मी मधेच उठून भाजी परतून यायचे, तरी तो तिथंच. आरपीजी म्हणजे आपली माणसं वाढवत न्यायची. लढाया जिंकल्या की पॉइंट मिळतात, ते ताकदीवर घालायचे की चपळाईवर, ते आपण ठरवायचं. माझ्याकडं चार माणसं होती. त्यातला तिरंदाज मी भावासाठी राखून ठेवला. त्याचे पॉइंट वाटले नाहीत, भाऊ येऊन त्याच्या मनानं वाटेल म्हणून. चांगलं धनुष्य सापडलं तेही जपून ठेवलं. उरलेल्या तिघांच्या जिवावर लढायचे आणि लई मार खायचे. चौथ्या भागात पुलावरची एक लढाई तर अकरा वेळा हरले.

डबा खाताना या पुलाचं रडगाणं मी शेजारच्या टेबलावरच्या पोरीला ऐकवलं. ती आमच्याच डिझाइन विभागात काम करते, आणि गेमच्या बाबतीत दर्दी.

"अक्का, तिरंदाजाला पॉइंट का देत नाही?"

"तो भावाचा आहे. पाचव्या भागात येणार आहे तो."

तिनं हातातला घास डब्यात ठेवला आणि मोबाइलवर त्या गेमचं पान काढलं.

"ही लेबलं बघा. ही जास्त करून खेळणारेच लावतात. खेळ कसा आहे ते यावरून कळतं. कुणाबरोबर खेळता येतं ते या बाजूच्या यादीत बघायचं. ती बनवणाऱ्यानं दिलेली असते." त्या यादीत खेळाडूंबद्दल एकच ओळ होती. सिंगल-प्लेअर. "म्हणजे चारी माणसं तुमचीच. दुसरं कुणी आत येऊ शकत नाही."

मी म्हटलं, "पुढं उघडत असेल की."

"उघडत असतं तर इथं लिहिलं असतं, अक्का."

मग तिनं दुसरे गेम काढून दाखवले. ऑनलाइन को-ऑप म्हणजे दोघं एका बाजूनं लढणार, पण कॉम्प्युटर दोन, आणि बहुतेक वेळा गेमही दोघांनी घ्यायचा. शेअर्ड स्क्रीन म्हणजे एकाच टीव्हीसमोर शेजारी बसून. नुसतं मल्टिप्लेअर वाचून हुरळायचं नाही, सोबत पीव्हीपी असेल तर एकमेकांनाच मारायचं असतं. रोगलाइक दिसलं तर मेलं की बहुतेक पहिल्यापासून सुरुवात. मी मान डोलवत होते, पण डोक्यात एकच घोळत होतं. भाऊ दहावीपासून कॉम्प्युटरवर गेम खेळतोय. त्याला हे माहीत नसेल?

घरी येऊन माझ्या खात्यातून तेच पान उघडलं. आपल्या मित्रांच्या यादीतल्या कुणाकडं हा गेम आहे ते तिथं दिसतं. भावाकडं होता. पासष्ट तास खेळून झाला होता. मग भावाचं स्वतःचं पान उघडलं. सध्या तो रोज एक वेगळाच गेम खेळत होता, आणि त्या गेमच्या यादीत स्वच्छ लिहिलं होतं: ऑनलाइन को-ऑप. म्हणजे बरोबर खेळायला त्याला वेळ होता, माणसंही होती. त्यात मी नव्हते. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

रविवारी त्याचा फोन आला. "काय ताई, कुठवर आलीस?"

"यादी वाचत होते," मी म्हटलं. "सिंगल-प्लेअर लिहिलंय. तू येणार होतास ते कुठं लिहिलंय तेवढं दाखव."

तो म्हणाला, "तुझा वेळ जावा म्हणून दिला गं. रोज खेळू म्हणशील, मला नाही जमणार. तू ते वाचशील असं वाटलं नव्हतं."

याचा हात धरून याला बाराखडी मी शिकवली होती. मी फोन ठेवला.