प्रश्नचिन्ह गळालेला आजार

वाशीमच्या एका खासगी दवाखान्यात मी विम्याच्या टेबलावर बसते. डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला ठरलेले कोड लावायचे, त्यावरूनच बिल विमा कंपनीकडे जातं.

केनवडचे एक म्हातारे बाबा न्यूमोनियानं भरती होते. मुलीच्या नोकरीतला विमा होता. त्यांना दवाखान्यातून सुट्टी मिळायची होती त्या दिवशी सकाळी त्यांची बायको माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, खरं सांग. याइचे किती दिवस राह्यले?"

मी चमकले. बाबा तर कॉटवर बसून चहा पीत होते.

"कोण म्हणलं तुमाले असं?"

"कागदाचा फोटो पोरीले धाडला. पोरगी म्हणे, रक्तात जहर पसरलं. मी याइले सांगतलं नाही."

तिच्या घशाखाली सकाळपासून चहाही उतरला नव्हता. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि फाइल काढली. सुट्टीच्या कच्च्या कागदावर खरंच 'सेप्सिस', म्हणजे संसर्ग अंगभर भिनल्याचं निदान होतं. भरतीच्या दिवशीच्या नोंदीत मात्र त्यापुढे प्रश्नचिन्ह होतं. कागद उतरवताना ते गळालं होतं.

सेप्सिसचा कोड लागला असता तर आजार भारी दिसला असता, बिलही वाढलं असतं. पण निदान ठरवणं माझं काम नाही. डॉक्टरांच्या तोंडी उत्तर घालायचं नाही, हेही मी शिकले आहे. मी राउंडवरून येणाऱ्या डॉक्टरांना थांबवलं.

"सर, भरतीला सेप्सिसची शंका होती. पुढे काय ठरलं?"

त्यांनी फाइल सावकाश चाळली. बीपी टिकलेलं, किडनी आणि इतर अवयव ठीक, ऑक्सिजन लागलेला नाही.

"नव्हतं ते," ते म्हणाले. "माझ्याच नजरेतून सुटलं." मग पेन काढून त्यांनी लिहिलं: उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागाचा न्यूमोनिया, जंतू कळला नाही. सेप्सिसची शंका, तपासाअंती नाही.

"सर, इन्सुलिन रोज चालू होतं. ते कशासाठी, याची नोंद दिसत नाही."

"टाइप टू डायबेटिस, साखर वाढलेली. तेही घे, त्याचा इलाज केलाय आपण. जे होतं ते सगळं यावं, नव्हतं ते येऊ नये."

नवा कागद घेऊन आम्ही दोघं बाबांच्या कॉटपाशी गेलो. डॉक्टरांनी आजीला एकेक ओळ मराठीत समजावली आणि चूक झाल्याचंही सांगितलं. मग तिच्याच फोनवरून मुलीशी बोलले.

बाबा ऐकत होते. "म्हणजे मी मरून राह्यलो होतो, अन् मलेच ठाऊक नाही?"

"चूप राहा," आजी म्हणाली. ती पदर तोंडाला लावून त्यांच्या पायाशी बसली. बाबांनी आपला उरलेला बिस्कीटपुडा तिच्याकडे सरकवला.

"खाय," ते म्हणाले. "मले तर साखर हाये."