आजीच्या पत्राची जशीच्या तशी नक्कल

मी पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मराठी शिकवलं. त्यामुळे निवृत्तीनंतरही माझ्या हातात लाल पेन नसलं तरी डोळ्यांत असतं. लग्नाच्या पत्रिका, दुकानांच्या पाट्या, श्रद्धांजलीचे फलक, सगळं मी मनातल्या मनात तपासून गुण देते. मेहकरात फार थोड्या पाट्या पास होतात.

अशा माणसाकडे आमच्या घराण्याने आजीचं पत्र उतरवायचं काम दिलं, यातच पुढचं सगळं आलं.

झालं असं की माझ्या चुलत भावाने आजीच्या जन्मशताब्दीची स्मरणिका काढायचं ठरवलं. हा भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण तालुक्याच्या दोन-तीन कमिट्यांवर असल्यामुळे घरात त्याचा मान माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. स्मरणिकेत मान्यवरांचे शुभेच्छा संदेश अकरा होते. आजीवर लेख दोन होते, आणि ते दोन्ही त्याचेच होते. कुणीतरी त्याला सांगितलं की अशा पुस्तकात आजीच्या हाताचं काहीतरी पाहिजे. आजी गावातल्या बायकांच्या साक्षरता वर्गात, चाळिशीच्या पुढे लिहायला शिकली होती. तिने आयुष्यात किती पत्रं लिहिली ते माहीत नाही, पण उरलं होतं एकच. ते जानेफळला आमच्या आत्याकडे होतं.

आत्या म्हणजे आजीची धाकटी लेक, वय पंच्याहत्तरीच्या आसपास. पत्र हातातून सोडायला ती तयार नव्हती. शेवटी तिच्या सुनेने मोबाइलवर फोटो काढून मला आणि भावाला पाठवला. मागोमाग आत्याचा फोन आला.

"फोटो भेटला का?"

"भेटला, आत्या."

"मंग आयक. तशीच्या तशी उतरव. माय जिथं ओळ तोडे, तिथंच तोड. एक काना बी आपल्या मनानं लावू नको. तू मास्तरीन हायेस, म्हून सांगून राह्यली."

मी हसले. त्या दिवशी दुपारी कॉम्प्युटरवर बसून अर्ध्या तासात पत्र उतरवलं आणि तिला फोनवर वाचून दाखवलं.

"लाडके बाई, तुले आशीर्वाद..."

"थांब," आत्या म्हणाली. "आशि म्हण. मंग ओळ संपली म्हण. मंग रवाद."

फोटोत पाहिलं. खरंच, आजीने पहिल्या ओळीच्या शेवटी "आशि" लिहून कागद संपल्यावर खाली "रवाद" लिहिलं होतं. मध्ये रेघ वगैरे काही नाही. मी तो शब्द जोडला होता, त्याला दीर्घ ई दिली होती आणि रफार चढवला होता. हे मी कधी केलं ते मलाच कळलं नाही. बाकीची नक्कल तपासली तर "पानी"चं पाणी झालेलं, "समदे"चं सगळे झालेलं. आजीला मी पहिल्या बैठकीत दहावी पास करून टाकलं होतं.

दुसरा प्रयत्न मोबाइलवर केला. तिथे मी सावध होते, पण मोबाइल मास्तरकी करत होता. "तुइ" लिहिलं की तो "तुझी" करायचा. शेजारच्या मुलीकडून त्या आपोआप सुचवण्या बंद करून घेतल्या, तरी शेवटी परत कॉम्प्युटरवरच आले. या वेळी शब्द वाचून लिहायचे नाहीत असं ठरवलं. एकेक अक्षर बघायचं, लिहायचं, ओळ संपली की एंटर दाबायचं, आणि फोटोवर त्या ओळीखाली पट्टी सरकवायची. अर्थ कळायला लागला की हात दुरुस्ती करतो, म्हणून शेवटी खालच्या ओळीपासून वरच्या ओळीकडे तपासत गेले. पस्तीस वर्षं मी पोरांना आधी अर्थ समजून घ्या म्हणून ओरडले होते.

दोन अडचणी राहिल्या. पत्राच्या मधोमध उजवीकडे एक मोठा काळपट डाग होता. त्याखाली शब्द दबले असतील म्हणून मी चौकटी कंसात "अस्पष्ट" लिहून ठेवलं. शिवाय शेवटच्या दोन ओळी कागदाच्या घडीच्या सावलीत गेल्या होत्या. आत्याच्या सुनेला सांगून उजेडात, कागद सपाट करून दुसरा फोटो मागवला आणि तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावला, नाहीतर व्हॉट्सॲपवर फोटो बारीक होऊन येतो आणि अक्षरांच्या कडा जातात. शेवटच्या ओळी स्वच्छ दिसल्या. डागाबद्दल आत्याच म्हणाली, "तिथं काई नाई. तेल सांडलं होतं. तेलावर पेन चालत नाई, म्हून मायनं त्याच्या आलीकडंच ओळी तोडल्या." मी "अस्पष्ट" काढून टाकलं. नक्कल अशी झाली:

लाडके बाई तुले आशि
रवाद आमी समदे बरे हाओ
तुइ खुशाली कळव पानी बरा
झाला जवारी घरात आली एक मन
तुयासाठी ठेवल हाय
काळी गाय येली
गोर्‍हा झाला
तुया बापाले
खोकला हाय पन
आयकत नाई सासुले उलटुन
बोलु नको पन उपाशी रा
हु नको दिवाळीले ये
तुई माय

चौथ्या ओळीवर माझं लाल पेन शेवटचं वळवळलं. "आत्या, हे मन की मण?"

"मण. मणभर जवारी. पन माय मन लेहे, तू बी मन लेह."

मी लिहिलं, आणि नक्कल भावाला पाठवून दिली. दोन तासांत त्याचा फोन.

"ताई, तुम्ही मराठीच्या शिक्षिका. एवढं अशुद्ध कसं काय लेहलं?"

"मी नाही, आजीने लिहिलं."

"हाव, पन छापून तर आपन राह्यलो. तहसीलदार येणार हायेत कार्यक्रमाले. लोकं म्हणतीन, याइची आजी अडाणी होती."

"ती चाळिशीत शिकली, हेच तर सांगायचं आहे ना?"

"ते मी लेखात सांगतलं. पत्रात कायले दाखवा लागते?" मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी शुद्ध करून घेतो."

त्याने खरंच शुद्ध करून घेतलं. माझी नक्कल बाजूला ठेवून, कारण तीत चुका होत्या, त्याने पहिला सावलीचा फोटो समोर घेतला आणि स्वतःच मजकूर लावला. प्रेसवाल्याने ओळी दोन्ही बाजूंनी सारख्या ताणून सुबक चौकोन केला, भोवती वेलबुट्टी घातली. स्मरणिका माझ्या हातात पडली ती थेट कार्यक्रमात.

कार्यक्रम गावच्या शाळेच्या सभागृहात होता. तहसीलदार आले नाहीत, त्यांच्या वतीने त्यांचा शुभेच्छा संदेश वाचला गेला, जो सगळ्यांच्या हातात छापलेला होता. मग भाऊ उठला. आत्या पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर पदर गोळा करून.

"आमच्या आजीने," भाऊ म्हणाला, "आपल्या लेकीला सासरी लिहिलं. ज्वारी घरात आली. एक मन तुझ्यासाठी ठेवलं आहे." तो थांबला. त्याने चष्मा पुसला. "मित्रांनो, एक मन. आईच्या त्या एका मनात किती मावलं असेल."

टाळ्या पडल्या. माझ्या मागे कुणीतरी नाक पुसलं.

"मण हाय ते," आत्या शांतपणे म्हणाली. सभागृहात माइक नसलेल्या माणसांचंही ऐकू जातं. "मणभर जवारी. पोतं."

दोन-तीन पोरी हसल्या. भावाने ते ऐकलं नाही असं ठरवून पान उलटलं. "आणि संस्कार बघा. ती पुढे लिहिते, सासूला उलटून बोलू नकोस, पण उपाशी राहा. म्हणजे, राग आला तर उपवास कर. ही आपली सहनशीलता. ही आपली सत्याग्रहाची परंपरा."

पुढची "हु नको"ची ओळ सावलीत गेली होती, ती त्याच्या मजकुरात नव्हतीच. मी उठायला लागले. आत्याने माझा हात धरून खाली बसवलं. ती पदरात तोंड लपवून हसत होती, अगदी खांदे हलेपर्यंत.

पंधरा दिवसांनी स्मरणिकेबरोबर वाटायला एक चिठ्ठी छापून आली. शुद्धिपत्र. त्यात होतं: "पान सतरा, ओळ तिसरी, 'मन' या ठिकाणी 'मण' असे वाचावे." म्हणजे पुस्तकात आजीचा जो एकच अशुद्ध शब्द आजीने लिहिला तसा छापला गेला होता, तोही दुरुस्त झाला.

मी आत्याला भेटायला जानेफळला गेले तेव्हा एक कागद घेऊन गेले. तिच्या सुनेने सांगितलं होतं की आत्याला आता बारीक अक्षर दिसत नाही, मूळ पत्र ती नुसतं हातात घेऊन बसते. म्हणून मी माझी नक्कल मोठ्या अक्षरांत छापून घेतली. अक्षर वाढवलं की लांब ओळी मोडून खाली जायला लागल्या, तेव्हा दुप्पट मोठा कागद आडवा घेतला. तेराच्या तेरा ओळी जागच्या जागी राहिल्या.

तिने तो पलंगावर पसरला आणि बोट फिरवत वाचायला लागली. अकराव्या ओळीच्या टोकाला बोट थांबलं.

"त्या दिवशी मला सांगू का दिलं नाही?" मी विचारलं. "तो चुकीचं वाचत होता."

"मी बी तसंच वाचलं होतं," ती म्हणाली. "हे पत्र आलं तवा मायी सासू म्हणे, वाच, समद्याइसमोर वाच. तिले वाचता येत नव्हतं. मी वाचत गेली. इथं आली, उपाशी रा, अन् ओळ संपली. मी बी थांबली. पत्र घडी केलं. सासू लय खूश. म्हणे, तुई माय शानी हाय. गावभर सांगतलं तिनं."

"आणि पुढची ओळ?"

"ते मी चुलीपाशी वाचली. एकटीनं. मंग भाकर खाल्ली."

मी मोबाइल काढून दुसरा फोटो मोठा केला. अकराव्या ओळीत "रा"च्या पुढे कागद शिल्लक होता. बोटभर रुंदीची कोरी जागा, तेलाचा डाग तिथपर्यंत आलेला नव्हता. "हु" सहज बसला असता.

"आत्या, आजीने मुद्दाम इथे तोडली असेल का ओळ?"

"मले काय माईत," ती म्हणाली. "मायले शब्द तोडाचा नादच होता. आशीरवाद बी तोडला का नाई?" मग ती सुनेकडे वळली. "पोरीले च्या ठेव. अन् खायाले बी दे काई, मेहकरातून आली हाय."