हलक्या गोदामाखालची माती

ठाणाकुशनूरचा पिराप्पा बिदरच्या एका माती-परीक्षण कार्यालयासाठी खड्डे खोदायचा. घराणं मेंढरांमागे फिरणारं. उन्हाळ्यात काळ्या रानाच्या भेगांत कोकराचा पाय अडकला की सोडवायचा, हेच त्याचं पहिलं भू-तंत्रशिक्षण. इंग्रजी येत नव्हतं, आकडे येत होते.

२००६ साली कमलनगरला पत्र्याचं गोदाम व्हायचं होतं. पिराप्पानं तिथं तीन खड्डे घेतले: सहा फूट काळी माती, खाली पिवळा मुरूम. आठवड्यानं अहवाल तयार झाला. नवी इंजिनिअर मंजुश्री पानं लावत होती. सारांशाच्या पानावर पिराप्पाचं बोट थांबलं.

"अक्का, हे तीन फूट कशाचं?"

"पायाची खोली. 'तांबडा जांभा, जमीन कठीण' असं लिहिलंय."

"कमलनगरात जांभा? कुणी नेऊन टाकला?"

तो सारांश बिदरमधल्या जुन्या कामाचा होता. कार्यालयाचे प्रमुख शिवप्रसाद साहेब यांनी गावाचं नाव तेवढं बदललं होतं. साहेब स्वतः कमलनगरला गेले नव्हते. रस्ता खराब होता.

आतल्या खोलीत साहेबांसमोर गोदामाचे मालक तात्याराव चहा घेत होते. तीन फुटांवर ते बेहद्द खूश होते. आता तोंड उघडावं, तर चार वर्षांची नोकरी जाईल, हे पिराप्पाला कळत होतं. तरी तो आत गेला.

"साहेब, आपलं पान चुकलंय."

शिवप्रसाद हसले. "अरे, पत्र्याचं हलकं गोदाम. सहा फुटांखाली कामून जायाचं?"

"हलकं हाय म्हणूनच. माडीचं घर मातीला दाबून धरतंय. ह्याला माती पाण्यानं फुगली की वर उचलतीया, उन्हाळ्यात खाली सोडतीया."

"तू आता मला शिकवायलास व्हय?"

प्रयोगशाळेतून काचेची दोन नळकांडी आणून पिराप्पानं टेबलावर ठेवली. दोन्हींत कमलनगरची तेवढीच माती, कालपासून भिजत घातलेली, एकात रॉकेलात, दुसऱ्यात पाण्यात. रॉकेलात माती फुगत नाही. रॉकेलातली दहाच्या रेघेवर बसली होती, पाण्यातली एकोणिसाच्या.

तात्यारावांनी कप खाली ठेवला. "म्हणजे ह्यावर माझी फरशी बसणार होती का, साहेब?"

"तपासणी चालूच होती," शिवप्रसाद म्हणाले.

नवा सारांश मंजुश्रीनं लिहिला: पाया सात फुटांवर, मुरमात. जोत्याच्या तुळयांखाली माती फुगायला मोकळी जागा. फरशीखालची तीन फूट काळी माती काढून थराथरानं दाबलेला मुरूम. भोवती पाणी लांब नेणारी गटार.

वर साहेबांची सही. प्रस्तावनेत लिहिलं होतं, 'जागेचा प्रत्यक्ष व सखोल अभ्यास करून.'

पिराप्पाची नोकरी राहिली. पुढच्या सोमवारी साहेबांनी त्याला बिदरच्या माळावर जांभ्यात खड्डे घ्यायला पाठवलं, एकट्याला, पहारीसकट. तिथं माती फुगत नव्हती; तळहात फुगत होते. खोली मात्र तो तिथंही दोरीनं दोनदा मोजून लिहीत होता.