घरच्यांनी मला भ्रमिष्ट ठरवले

खोलीत गेले आणि कशाला आले तेच आठवेना. असे बऱ्याचदा होऊ लागले. मग एक दिवस दूध उतू जाऊन गॅस विझला. मुलाने लायटर कपाटात टाकून कुलूप लावले.

"आई, आता तू रांधू नोको. घर पेटवशील."

नवरा गेल्यावर रांधणे तेवढे माझे उरले होते, तेही हिसकून घेतले. वर सून अंगणात शेजारणीला मोठ्याने सांगायची, "मोठ्या आईसारखंच होऊन राहिलं आमच्या सासूबाईचं." मी काय बहिरी आहे?

मोठी आई म्हणजे माझी मोठी जाऊ. तिचे सगळे मी केले. जन्मभर ज्या बोडीवर, गावाजवळच्या लहान तळ्यावर, धुणे धुतले, तिथून घरी येताना ती वाट चुकायची. पेटलेल्या चुलीपुढे बसून हे काय म्हणून विचारायची. मेलेल्या बापासाठी भात झाकून ठेवायची. वर्षागणिक वाढतच गेले आणि आपण विसरतो हे तिला कळलेच नाही. मी विसरले की स्वतःलाच शिव्या घालते. माघारी खाटेवर येऊन बसले की आठवते, मीठ आणायला गेले होते.

शेवटी मुलगा-सून मला साकोलीला डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेले. तिने मला वार विचारला, तर उत्तर मुलानेच दिले.

"तुम्ही थांबा हो जरा. आजींना बोलू द्या. तुमचंही ऐकते मग."

तिने काही शब्द लक्षात ठेवायला सांगून मध्येच वजाबाकी करायला लावली. नंतर शब्द विचारले, मी सांगितले. मुलाला विचारले, वाट चुकतात का? पैसे बरोबर मोजतात का? तेच तेच विचारतात का? तो नाही-नाही म्हणत राहिला.

"झोप कशी आहे, आजी?"

"कुठची झोप, बाई? माह्या खोलीत धानाचे पोते रचले. मले टीव्हीपुढं टाकलं."

सून खाली पाहू लागली. मुलगा म्हणाला, "धानाची सरकारी खरेदी सुरू झाली नाही, मॅडम. पोते ठेवू कुठं?"

"आईला कुठं ठेवायचं ते आधी बघा. झोप नाही, डोक्याला ताप, मग ध्यान लागत नाही. ध्यानच नसलं तर लक्षात काय राहणार? आज तरी स्मृतिभ्रंशाची लक्षणं दिसत नाहीत. रक्त तपासू. झोप सुधारूनही विसरणं वाढलं तर परत आणा. झोपेच्या गोळ्या मनानं देऊ नका, त्यानं आणखी विसरायला होतं."

मला औषध नको, माझी खोली हवी होती. हे सांगायला डॉक्टर लागला. थू!

पोती आता टीव्हीसमोर रचली आहेत. मी दार लावून झोपते. अजूनही कधी खोलीत जाऊन उभी राहते, पण पहिल्याइतके नाही. रांधते मीच. सून मात्र रोज मागून येते आणि गॅसचे बटण चाचपून जाते. तिचा तो हात दिसला की पुढ्यातला घास कडू होतो.