पाचवीच्या वर्गातलं जू

शिक्षिकेचं प्रशिक्षण संपवून मी अमरावतीहून मानोऱ्याजवळच्या एका गावात नोकरीवर रुजू झाले, ती पन्नासनंतरच्या दशकातली गोष्ट. नोकरी तात्पुरती होती. डिप्टी साहेबांनी, म्हणजे शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी, चांगला शेरा दिला तरच ती कायम होणार होती. नाहीतर मला आणि माझ्या विधवा आईला भावाच्या घरी परतावं लागलं असतं. तिथे वहिनी आमच्यासमोर ताट कसं ठेवते ते मी पाहिलं होतं. पुन्हा त्या ताटावर बसायची माझी अजिबात तयारी नव्हती.

पाचवीला व्याकरण शिकवायला घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात माझं डोकं फिरलं. मुलं व्याख्या घडाघडा म्हणत. ‘नामाबद्दल जास्त माहिती सांगणाऱ्या शब्दास विशेषण म्हणतात.’ सूर लावून, डुलत डुलत. आणि ‘काळा बैल’ यात विशेषण कोणतं असं विचारलं की सगळा वर्ग एका आवाजात ‘बैल!’ म्हणे. मी चिडून खडू फेकला, तो खिडकीतून बाहेर गेला, आणि तो आणायला अर्धा वर्ग धावला. त्या दिवशी ठरवलं, ही पोपटपंची बंद.

मग मला सुचेल तसं मी करत गेले. एकेका पाटीवर एकेक शब्द लिहून तो मुलांच्या हातात दिला. ‘गाय’ आणि ‘गवत’ पुढे येऊन उभे राहत, आणि ‘खाते’ ही पाटी घेतलेला मुलगा येईपर्यंत त्यांना खाली बसायची परवानगी नसे. बाकीचे ओरडत, “अबे, ये ना लवकर, गाय उपाशी मरून राह्यली!” क्रियापद आल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, हे मग मला सांगावं लागलं नाही. काळ शिकवायला मी जमिनीवर खडूने तीन रेघा ओढल्या. पहिल्या रेघेवर उडी मारली की ‘गेलो’, मधल्या रेघेवर ‘जातो’, शेवटच्या रेघेवर ‘जाईन’. चुकला तो बाद. केवलप्रयोगी अव्ययासाठी तर काहीच करावं लागलं नाही, एकाला काटा टोचल्याचं सोंग करायला सांगितलं आणि ‘अगं बाई’, ‘अरेरे’, ‘बापरे’ आपोआप बाहेर पडले.

पण मुलांचा खरा जीव जडला तो जुवावर. उभयान्वयी अव्यय शिकवायचं होतं, दोन शब्द किंवा दोन वाक्यं जोडणारं. सगळी शेतकऱ्यांची पोरं. मी दोघांना शेजारी उभं केलं, दोघांना एकेक वाक्य दिलं आणि त्यांच्या खांद्यांवर वेळूची काठी आडवी ठेवली. काठीच्या मधोमध ‘आणि’ लिहिलेला कागद बांधला. पोरं मान खाली घालून, नाकानं फुरफुरत वर्गभर चालली. मग ‘आणि’च्या जागी ‘पण’, ‘म्हणून’, ‘किंवा’ असे कागद बदलत गेले. कोणतं जू कोणत्या जोडीला बसतं यावर भांडणं होऊ लागली. व्याकरणावरून भांडणारा वर्ग मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि मला फार आनंद झाला.

हेडमास्तरांना मात्र तो तमाशा वाटे. “बाई, शाळा आहे ही, गोठा नाही,” ते म्हणाले. मीही काही कमी नव्हते. म्हटलं, “डिप्टी साहेब येतील तेव्हा बघा.”

डिप्टी साहेब आले ते नेमके पोळ्याच्या आदल्या दिवशी. मी ऐटीत काठी काढली, ‘पण’चा कागद बांधला आणि नेहमीच्या दोघांना पुढे बोलावलं. दोघंही जागचे हलले नाहीत.

“या ना, काय झालं?”

“आज नाही, बाई.”

मी दुसऱ्या दोघांना बोलावलं. त्यांनी खांदे चोरले. हेडमास्तर दारात उभे राहून मिशीत हसत होते. शेवटी पहिल्या रांगेतली एक चुरचुरीत बोलणारी मुलगी उठली. “बाई, तुमाले मालूम नाही का? आज खांदशेकणी हाय. आज बैलाचे खांदे लोन्या-हयदीनं शेकतात, उद्याच्या जेवनाचं आवतन देतात. आजपासून जू ठेवत नाही.”

“अगं, पण ही मुलं आहेत, बैल नाहीत!”

“जू तं हाय ना, बाई,” ती म्हणाली.

शहरात वाढलेल्या मला हे कुठून माहीत असणार? डिप्टी साहेब मात्र खुर्चीत पुढे सरकले. “बरं, जू राहू दे. वाक्यं तर सांगशील?”

“पाऊस आला. बैल भिजले नाही.” ती दोन्ही वाक्यं अगदी सुटी सुटी म्हणाली, मधे थांबून.

“आणि जोडायचं असतं तर?”

“तं ‘पण’ लागला असता. ‘म्हणून’ नसता चालला.”

“काहून?” साहेबांच्या तोंडून एकदम वऱ्हाडी बोली बाहेर पडली.

“पाऊस आल्यावर भिजाले पाहिजे होते ना जी. भिजले नाही. तं तिथं ‘पण’च लागते.”

साहेबांनी मान डोलावली. “अन् अशा शब्दाले व्याकरणात काय म्हंतात?”

“जू!” सगळा वर्ग ओरडला.

साहेब पोट धरून हसले. मी मान वर केली नाही. हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, “बाई, यांना सगळं समजलंय, फक्त नाव माहीत नाही. पेपरात जू लिहिलं तर मार्क कोण देणार? पोळा आणि दुसऱ्या दिवशीची कर उलटली की मी परत येतो. शेरा तेव्हाच लिहीन.”

पोळा गावानं वाजतगाजत केला. मला घरोघरच्या पुरणपोळ्या आल्या, पण माझं लक्ष शेऱ्याकडेच होतं. साहेबांचं बरोबर होतं, याचाच राग येत होता. मी मुलांना खेळ दिला होता, खेळातून बाहेर यायची वाट दिली नव्हती. शाळा भरली तेव्हा मी काठी वर्गाबाहेर ठेवली. आता प्रत्येकानं घरातलं, शेतातलं, स्वतःचं वाक्य सांगायचं, जोडणारा शब्द ओळखायचा आणि त्याचं पुस्तकातलं नाव घ्यायचं. तेव्हापासून नोकरीभर मी हेच केलं. खेळ छोटा ठेवायचा, मग तो बाजूला सारायचा, मग नाव सांगायचं, आणि वाक्य मुलांच्याच तोंडचं घ्यायचं.

साहेब सांगितल्याप्रमाणे आले. व्याख्या विचारली, मुलांनी दिली. मग ते त्याच मुलीकडे वळले. “‘पण’ घालून एक नवीन वाक्य सांग. पाऊस नको, बैल नको.”

तिनं माझ्याकडे बघितलं.

“बाईले आपल्याकडचं काईच समजत नाही, पण आमाले बाईच पायजेत.”

साहेबांनी विचारलं, “यातलं उभयान्वयी अव्यय?”

“‘पण’,” ती म्हणाली आणि खाली बसली.

मी फळ्याकडे तोंड केलं. फळा कोराच होता, तरी मी तो पुसत राहिले. मागे साहेबांची लेखणी कागदावर चालल्याचा आवाज येत होता.