चौथा रंग

जुन्नरच्या शाळेत गणित शिकवायला लागलो त्या वर्षी अकरावीच्या परीक्षेचं वेळापत्रक माझ्या गळ्यात पडलं. ऐच्छिक विषय चार: संस्कृत, फारसी, वरचं गणित, चित्रकला. हेडमास्तरांनी त्यांना तीनच बैठका दिल्या, कारण नंतर निम्मे शिक्षक घोडेगावच्या केंद्रावर जाणार होते.

मी कागदावर चार ठिपके काढले. एखाद्यानं जरी दोन विषय घेतले असतील, तरी त्या दोन ठिपक्यांमध्ये रेघ. रेघेनं जोडलेल्यांना एकच रंग द्यायचा नाही. एक रंग म्हणजे एक बैठक. युक्ती मला भलतीच आवडली होती. पण सहाच्या सहा रेघा पडल्या, आणि चौथा रंग लागला.

संस्कृत आणि फारसी यांच्यातली रेघ एकाच मुलीची होती. तिचे वडील बाजारात वह्या बांधायचे. फारसी घरची म्हणून घेतलेली, संस्कृत तिला आवडायचं म्हणून. तिनं एक विषय सोडला की ती रेघ जात होती, आणि दोन्ही पेपर एका बैठकीत बसत होते.

"तिला समजवा," हेडमास्तर म्हणाले, आणि चहा मागवला.

मी तिला बोलावून कागद दाखवला. ही रेघ म्हणजे तू, असंही सांगितलं. तिनं बराच वेळ पाहिलं.

"सर, ही फारसी-चित्रकलेची रेघ किती जणांची हाय?"

"एकाच मुलाची."

"मग ती पुसली तरी तीनच रंग लागत्यात. फारसी आन् चित्रकला एका टायमाला घ्यायची."

बरोबर होतं. ते मला आधीच दिसलं होतं. तो मुलगा शाळेच्या कमिटीच्या अध्यक्षांचा होता, आणि मी अजून कायम झालो नव्हतो.

"त्याला नाही विचारता येणार," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. टेबलावरचं खोडरबर घेऊन तिनं आपली रेघ स्वतःच पुसली.

मला लाज वाटायला हवी होती. वाटलं काहीच नाही. मी निळी पेन्सिल घेऊन दोन्ही ठिपके रंगवले. वेळापत्रक वेळेत फळ्यावर लागलं आणि हेडमास्तरांनी पाठ थोपटली. घरी जाऊन पोटभर जेवलो, झोपलोही. त्या कोरडेपणाचा राग मला आता, म्हातारपणी येतो.

फारसीच्या पेपरला पर्यवेक्षक मीच होतो. शेजारच्या खोलीत संस्कृतचा पेपर चालू होता. अर्धा तास उरला असताना तिनं उत्तरपत्रिका दिली आणि शिल्लक असली तर संस्कृतची प्रश्नपत्रिका मागितली, नुसती वाचायला. मी आणून दिली. बाकावर बसून तिनं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, घडी केली आणि मला परत दिली.

"सोपा व्हता, सर," ती म्हणाली.