चार खुणांचं बळ

पिंपरीच्या कारखान्यातल्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. जुलाबाने गळून गेलेल्या चऱ्होलीच्या एका पैलवान कामगाराला डॉक्टरांनी पोटॅशियमचं मिक्श्चर लिहून दिलं. सहा डोसांच्या खुणा कापलेली कागदी पट्टी मीच बाटलीला चिकटवली.

दुसऱ्या दिवशी गडी बाटली हातात घेऊन उड्या मारतच आला.

“दोन खुणांत एवढं बळ आलं राव! आज जत्रंत कुस्ती हाय, उरलेल्या चार एकदमच मारतो!”

बोलता बोलता त्याने बूच काढलंसुद्धा! मी टेबलाला वळसा घालून धावलो आणि बाटली हिसकावली.

“अरे, हा काय दुधाचा खुराक आहे? पोटॅशियम एकदम वाढलं तर हृदय बंद पडेल! लेबल वाच की! ‘एका वेळी एकच खूण’ असं ठळक लिहिलंय!”

तो हसला. “मला वाचाया कुठं येतंय? खुणा तेवढ्या मोजता येत्यात.”

मी हातातल्या बाटलीवरचं लेबल पाहिलं. वळणदार अक्षरांत शेकडो लेबलं लिहिली होती मी, पण वाचता येतं का, हे आजवर एकालाही विचारलं नव्हतं.